पाटल्यांची वही आणि मंगळसूत्राची गोष्ट

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडील हे आमचे गाव. तिथे आजोबांचे किराणा आणि कापडाचे दुकान होते. आमच्या आजीबा तिच्या लग्नातल्या पाटल्यांची हकीकत सांगायच्या. "चवदार तळ्याचा गाजावाजा झाला, त्या वर्षी माझ्या पाटल्या विकल्या," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेन, त्याला गणती नाही. महाडचा सत्याग्रह 20 मार्च 1927 रोजी झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आमच्या घराण्याच्या इतिहासात पाटल्या 1927 साली गेल्या, असे आम्ही सारे धरून चाललो होतो.

दुकान बंद केले तेव्हा माळ्यावरच्या लाल कापडी वह्या खाली काढल्या. रोजमेळ, खातेवही, उधारीची वही, सर्व वाळवीच्या तोंडी जाण्याच्या बेतात होते. त्यात संवत 1987 च्या आषाढातील एक नोंद सापडली. महाडच्या एका सराफाकडे सहा तोळ्यांच्या पाटल्या ठेवल्या आणि नव्वद रुपये आणले, अशी ती होती. कार्तिकी संवताने हिशेब केला की हा आषाढ इसवी सन 1931 चा येतो. पुढच्या संवताच्या माघात त्याच पाटल्या व्याजासह सोडवून आणल्याचीही नोंद होती. म्हणजे साल चार वर्षांनी चुकले होते आणि पाटल्या विकल्याच नव्हत्या, गहाण ठेवल्या होत्या.

आजीबा खोटे बोलत होत्या, असे मला त्या दिवशीही वाटले नाही. ज्या दिवशी मनगट रिकामे झाले, त्या दिवशी त्यांच्या लेखी पाटल्या गेल्या. पुढे त्या परत आल्या, पण तोवर सासूबाई वारल्या होत्या, कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या होत्या आणि परत आलेला दागिना त्यांच्या हाती पुन्हा पडला की नाही, हे वही सांगत नाही. साल मात्र त्यांनी गावातल्या सर्वांत मोठ्या घटनेला बांधून ठेवले होते. स्मरणाला खुंटी लागते आणि ती जवळची नसली तरी ठळक असावी लागते.

हा घरगुती प्रसंग आधी सांगितला, कारण याच वहीने मला माझ्या एका मोठ्या चुकीकडे पुन्हा पाहायला लावले. ती चूक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घरातील दागिन्यांविषयी होती.

कर्मवीरांचे चरित्र आपल्या समाजाला नवे नाही. कुंभोज येथे 22 सप्टेंबर 1887 रोजी दिगंबर जैन शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. काले येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्था साताऱ्यास आली आणि सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, एका पंक्तीत जेवावे, असे वसतिगृह तिथे उभे राहिले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या होत्या, तरी त्या मुलांच्या आई झाल्या. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत सांगितली जाते.

मी साताऱ्यास शिकलो, तेव्हापासून ही हकीकत मनात होती. 1987 हे कर्मवीरांचे जन्मशताब्दी वर्ष. एका स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ठरविले की या वेळी पुस्तकातून उतरवायचे नाही, वसतिगृहात राहिलेल्यांकडून ऐकायचे. 1924 ते 1930 या काळात जी मुले दहा ते अठरा वर्षांची होती, ती 1987 साली साधारण सदुसष्ट ते एक्याऐंशी वर्षांची असणार. म्हणजे वेळ थोडा होता, पण होता. कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेऊन मी सातारा, कराड आणि वाळव्याकडील गावांतून फिरलो. काही निवृत्त शिक्षक भेटले, एक शेतकरी भेटले, कर्मवीरांच्या परिचयातील एका घरातील एक वृद्ध बाई भेटल्या. त्यांची नावे मी इथे देत नाही. त्यांनी ती छापण्याची परवानगी मला दिली नव्हती आणि आज ती मागायला ते हयात नाहीत.

माझे प्रश्न तीनच होते. दागिने किती तोळ्यांचे होते? मंगळसूत्र केव्हा दिले? आणि ते सराफाकडे कोणी नेले, स्वतः लक्ष्मीबाईंनी की दुसऱ्या कोणी?

पहिल्या प्रश्नाला जितकी माणसे तितकी उत्तरे आली. कोणी ऐंशी तोळे म्हणाले, कोणी शंभर, कोणी त्याहून अधिक. आपण व्यापारी माणसे आहोत, म्हणून या आकड्यांना तागडीत घालून पाहू. एक तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. शंभर तोळे म्हणजे एक किलोहून अधिक सोने. 1927 च्या चलन कायद्यात सरकारने सोन्याचा जो दर ठरविला, तो तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै होता. त्या दराने शंभर तोळ्यांचे सुमारे 2,120 रुपये होतात आणि ऐंशी तोळ्यांचे सुमारे 1,700. फरक चारशे रुपयांचा, आणि त्या काळच्या चारशे रुपयांत किती पोती धान्य आले असते, हे जुन्या दुकानदाराला सांगावे लागत नाही. मला सांगणाऱ्यांपैकी एकानेही सोने तागडीत पाहिलेले नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घरमालकिणीच्या पेटीचे वजन कुठून कळणार? आकडा ते नंतर ऐकून सांगत होते. कुठे, कोणाकडून ऐकला, असे विचारले तर बहुतेकांना आठवेना. एकाने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "जयंतीच्या भाषणात."

आपल्या शास्त्रात मतिज्ञान आणि श्रुतज्ञान असा भेद आहे. इंद्रिये आणि मन यांच्याद्वारे जे कळते ते एक, शब्दांवरून जे कळते ते दुसरे. तत्त्वचर्चेतील त्या सूक्ष्म व्याख्या बाजूला ठेवल्या, तरी मुलाखत घेणाऱ्याने हा भेद पानापानावर आखून ठेवावा, असे मला वाटते. मी पुढे तसे केले. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले लिहिले आणि उजवीकडे त्याने ऐकलेले. डावी बाजू ओस पडू लागली, तशी माझी निराशा वाढली. पण डाव्या बाजूला जे उरले, ते फार मोलाचे होते.

उदाहरणार्थ, एका निवृत्त शिक्षकांना मंगळसूत्राविषयी काहीच पाहिलेले आठवत नव्हते. पण वहिनी स्वतः पंक्तीत फिरून वाढत, आजारी मुलाला जवळ घेऊन बसत, हे त्यांनी मला हातवारे करून दाखविले. त्यांना मी पंधरा दिवसांनी पुन्हा भेटलो आणि त्याच गोष्टी उलट्या टोकाने विचारल्या. पहिल्या वेळी वहिनींविषयी विचारले होते, दुसऱ्या वेळी फक्त स्वयंपाकघराविषयी. भांडी कुठे होती, ताट कोण उचले, मुलांची जात विचारली जाई का? उत्तरे जुळली. दुसऱ्या गावातील शेतकऱ्यांनी, ज्यांचा या शिक्षकांशी वर्षानुवर्षे संबंध नव्हता, तेच चित्र दुसऱ्या शब्दांत उभे केले. रोज घडणारी गोष्ट माणूस हजार वेळा पाहतो, म्हणून ती साठ वर्षे टिकते. एकदाच घडलेली आणि दाराआड घडलेली गोष्ट तशी टिकत नाही, ती दुसऱ्यांच्या शब्दांवर जगते. वसतिगृहातील मुले स्वयंपाकघराची साक्षीदार होती, पेटीची नव्हती. हा साधा भेद मला आधी सुचला असता, तर मी त्यांना चुकीचे प्रश्न विचारले नसते.

दुसऱ्या प्रश्नाची गत पाटल्यांसारखीच झाली. मंगळसूत्र केव्हा दिले, याचे उत्तर देताना जवळजवळ प्रत्येक जण गांधीजींच्या भेटीपाशी जाऊन थांबे. "गांधीजी येऊन गेले, त्याच सुमारास." एकाने आधी म्हटले, दुसऱ्याने नंतर. 25 फेब्रुवारी 1927 ही त्यांच्या बालपणातील खुंटी होती, जसे आमच्या आजीबांचे चवदार तळे. अशा वेळी तारीख विचारण्यात अर्थ नसतो. विचारायचे ते हे की त्या वर्षी तुम्ही कोणत्या इयत्तेत होता, थंडी होती की पाऊस, तुमच्या गावाकडे तेव्हा काय पेरले होते. एकाला त्या दिवसांत गावाहून आलेल्या ज्वारीचे पोते आठवत होते, म्हणजे सुगी झालेली होती. पण कोणती सुगी, हे सांगता येईना. इयत्तेवरून साल काढू गेलो, तर ते दोनदा नापास झाल्याचे त्यांनी हसत सांगितले. त्यांच्या पुरते साल दोन वर्षांच्या पट्ट्यात अडकून राहिले आणि मी ते तसेच लिहून ठेवले.

तिसऱ्या प्रश्नावर माझी चूक झाली. परिचित घरातील त्या वृद्ध बाईंना मी पहिल्या भेटीत विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दागिने गेले, एवढे आमच्या आईच्या बोलण्यात होते. कोणी नेले, ते मला माहीत नाही." मी स्मरणिकेसाठी लेख लिहिताना घाईत होतो. लेखाला प्रसंग हवा होता. मी लिहिले की लक्ष्मीबाईंनी देव्हाऱ्यासमोर उभे राहून मंगळसूत्र काढले आणि पदराखाली झाकून दिले. देव्हारा आणि पदर मला कोणीही सांगितला नव्हता, तो माझ्या मनात आपोआप उभा राहिला होता. लेख छापून आला, त्याची प्रत मी आदराने त्या बाईंना पाठविली.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आपणहून मंगळसूत्राची गोष्ट काढली आणि म्हणाल्या, "देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून काढले बघा. पदराखाली झाकून दिले. आमच्या आईने पाहिले होते." माझ्याच वाक्याची मला ओळख पटली. टेप फिरत होता आणि त्यावर माझी कल्पना एका प्रामाणिक बाईच्या स्मरणाच्या रूपात नोंदली जात होती. पुढे कोणी अभ्यासक ती कॅसेट ऐकेल, तर त्याला एक छापील लेख आणि एक प्रत्यक्षदर्शीच्या मुलीची साक्ष असे दोन पुरावे मिळतील आणि दोन्ही एकमेकांना दुजोरा देतील. दोन्ही मीच होतो.

मी त्यांना त्या दिवशी काहीच बोललो नाही. आपली आठवण आपली नाही, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तोंडावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पण कॅसेटच्या डबीवर मी लिहून ठेवले की या भागातील देव्हारा आणि पदर माझ्या लेखातून आलेला आहे, पहिल्या भेटीत तो नव्हता. पहिली कॅसेट मी सुदैवाने पुसली नव्हती. तीच आता एकमेव आधार आहे.

या प्रसंगातून मला जे समजले ते असे. साक्षी किती मिळाल्या, हे मोजून उपयोग नाही. त्या किती उगमांतून आल्या, हे मोजावे लागते. कर्मवीरांच्याच आयुष्यात याचे दुसरे उदाहरण आहे. कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी ती दिली नाही, कैद सोसली आणि त्या छळात प्राण देण्याचाही प्रयत्न केला, असे चरित्रकार लिहितात. या लठ्ठ्यांशी जैन बोर्डिंगमध्ये त्यांचे बिनसले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते. आता कोठडीत त्यांच्या मनात काय चालले होते, हे सांगणारे मला पुष्कळ भेटले. पण कोठडीत त्यांच्यापैकी कोणीही नव्हते. ते सर्व अखेर भाऊरावांनी स्वतः पुढे कोणाला तरी जे सांगितले, त्यापाशीच येऊन थांबतात. वीस तोंडे आणि उगम एक. वीस जणांनी सांगितले म्हणून गोष्ट वीसपट खरी होत नाही. उलट, सांगणारा कर्मवीरांसारखा शब्दाचा पक्का असेल, तर एकट्या त्यांच्या सांगण्याचे वजन त्या वीस जणांहून अधिक आहे. फक्त ते त्यांचे सांगणे आहे, दुसऱ्या कोणाचा दुजोरा नव्हे, हे स्पष्ट लिहावे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर तो एक उगमही आपल्याकडे नाही. भाऊराव 9 मे 1959 पर्यंत हयात होते, सभांतून बोलले, शिष्यांशी बोलले. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारख्या त्यांच्या विद्यार्थ्याने पुढे त्यांचे चरित्र लिहिले. लक्ष्मीबाई 1930 मध्येच गेल्या, आणि त्यांना कोणी काही विचारून ठेवले नाही. ज्यांना त्यांनी जेवू घातले, ती मुले त्यांच्याविषयी कृतज्ञतेने बोलली. कृतज्ञ माणसाची साक्ष प्रेमळ असते, पण ती एका बाजूनेच पाहते. मला भेटलेल्यांपैकी एकानेही असे सांगितले नाही की वहिनी कधी थकल्या, कधी रागावल्या, माहेरचा दागिना देताना त्यांना वाईट वाटले. तसे काही झाले नसेल का? झाले असले तरी ते मुलांसमोर झाले नसेल, आणि झाले असते तरी कृतज्ञ मुलाने ते मला सांगितले नसते. समवयस्क बायका, जावा, शेजारणी यांना हे माहीत असण्याचा संभव अधिक होता, आणि 1987 साली त्यांच्यापैकी मला कोणीच भेटल्या नाहीत. मुलाखतींचा मार्ग इथे संपतो. पुढे टेपरेकॉर्डर कितीही चांगला असला, तरी उपयोग नाही.

मग हाती काय उरले? माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन ओळी लिहिल्या आहेत. लक्ष्मीबाई सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत स्वतः वाढीत, हे एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रत्यक्षदर्शींनी सांगितले, ते निश्चित समजावे. वसतिगृहासाठी घरातील सोने गेले, ही गोष्ट लक्ष्मीबाईंच्या पिढीतील एका बाईच्या बोलण्यात होती आणि तिच्या मुलीने माझा लेख वाचण्यापूर्वी ती मला सांगितली, तेव्हा ती विश्वासार्ह मानावी. किती सोने, कोणत्या साली, कोणाच्या हातून, आणि विकले की गहाण ठेवले, या चार गोष्टी मुलाखतींतून ठरत नाहीत.

या चौथ्या शंकेची प्रेरणा आमच्या आजीबांच्या पाटल्या. "विकले" हा शब्द बाईच्या तोंडी येतो, तेव्हा तो सराफाच्या वहीतला असतोच असे नाही. सराफाची वही मात्र वजन, कस, दर, तिथी आणि नाव लिहिते, आणि कोणाच्या प्रेमापोटी एक गुंजही वाढवीत नाही. मी साताऱ्यात दोन जुन्या पेढ्यांतून चौकशी केली. त्या काळच्या वह्या रद्दीत गेल्या, असे उत्तर दोन्हीकडे मिळाले. कोणाच्या माळ्यावर 1924 ते 1930 च्या, म्हणजे संवत 1980 ते 1986 च्या सुमाराच्या सराफी वह्या अजून असतील, तर त्यांत पाटील या नावाने सोन्याची नोंद आहे का, एवढे पाहून मला कळवावे. नोंद सापडली तर लक्ष्मीबाईंचा त्याग मोठा किंवा लहान होणार नाही, आपल्याला फक्त त्याचे वजन कळेल.

आमच्या आजीबांना मी वहीतील नोंद दाखवू शकलो नाही, त्या आधीच गेल्या होत्या. दाखविली असती तर काय म्हणाल्या असत्या, याची कल्पना मी करू शकतो, आणि ती फार सुरेख सुचते. पण मी ती इथे लिहीत नाही.